पीआरवर लेबल कोण लावतं?

‘पीआर मर्ज व्हायला आपल्याकडे सरासरी किती दिवस लागतात?’ सॉफ्टवेअरच्या कुठल्याही मोठ्या टीममध्ये हा प्रश्न दर महिन्याला निघतो आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा एका आकड्यात दिलं जातं. समजा, गेल्या महिन्यात ते 2 दिवस होतं आणि या महिन्यात 3.2 दिवस झालं. बैठकीत लगेच निष्कर्ष निघतो की काम मंदावलं, रिव्ह्यू करणारे वेळ देत नाहीत.

आता तोच हिशेब उलगडून पाहू. गेल्या महिन्यात 100 पीआर मर्ज झाले. त्यातले 80 लहान होते, त्यांना सरासरी 1 दिवस लागला. उरलेले 20 मोठे, त्यांना 6 दिवस. एकूण 200 दिवस भागिले 100, म्हणजे 2. या महिन्यातही 100 पीआर मर्ज झाले, पण लहान 50 आणि मोठे 50. लहानांना लागला 0.9 दिवस, मोठ्यांना 5.5 दिवस. म्हणजे 45 आणि 275 मिळून 320 दिवस, भागिले 100, म्हणजे 3.2. लहान पीआर पूर्वीपेक्षा लवकर मर्ज झाले आणि मोठेही लवकर मर्ज झाले. तरी एकत्र सरासरी मात्र वाढलेली दिसते, कारण या महिन्यात मोठ्या कामांचा वाटा वाढला. सर्दीसाठी ओपीडीत आलेला आणि शस्त्रक्रियेसाठी भरती झालेला अशा दोघांच्या मुक्कामाची सरासरी काढून कोणी रुग्णालयाचं कामकाज ठरवत नाही. पीआरच्या बाबतीत मात्र ते सर्रास होतं.

हे टाळायचं तर प्रत्येक पीआरवर तीन गोष्टी लिहिलेल्या हव्यात: तो केवढा आहे, कुठल्या प्रकारचा आहे आणि प्रकल्पाच्या कोणत्या भागाला हात लावतो. या तीन खुणा माणसांनी आठवणीने लावायच्या ठरवल्या तर दोन आठवड्यांत विसरल्या जातात. म्हणून ते काम यंत्राकडे देतात. यंत्राला त्यातलं किती जमतं आणि कुठे माणसाला बोलतं करावंच लागतं, हे समजून घ्यायला कुबरनेटीससारखं दुसरं उदाहरण मला दिसत नाही.

कुबरनेटीस हे हजारो सर्व्हरवर चालणारी ॲप्लिकेशन्स सांभाळणारं सॉफ्टवेअर. गुगलने ते 2014 मध्ये खुलं केलं आणि आज जगभरचे लोक त्यात भर घालतात. भर घालायची पद्धत अशी: मूळ कोडची आपली प्रत घ्यायची, तीत बदल करायचा आणि ‘हा बदल मूळ कोडमध्ये घ्या’ अशी विनंती गिटहबवर टाकायची. ही विनंती म्हणजे पुल रिक्वेस्ट, बोलताना नुसतं ‘पीआर’. जाणकार तो वाचतात, दुरुस्त्या सुचवतात, संमती देतात आणि मग बदल मूळ कोडमध्ये मिसळतो, म्हणजेच मर्ज होतो. लेबल म्हणजे या पीआरच्या पानावर उजव्या बाजूला दिसणारी छोटी रंगीत पट्टी.

कुबरनेटीसमध्ये पीआर टाकला की काही क्षणांत `k8s-ci-robot` नावाचं खातं त्यावर लेबलं लावायला लागतं. त्यामागे प्राउ नावाची यंत्रणा आहे. तीही याच प्रकल्पातल्या लोकांनी लिहिली.

आकाराचं लेबल सगळ्यांत सोपं, कारण ती निव्वळ मोजणी आहे. प्राउ वाढलेल्या आणि वगळलेल्या ओळींची बेरीज करते आणि पीआरला सहांपैकी एका खान्यात टाकते. 10 पेक्षा कमी ओळी असतील तर `size/XS`, 10 ते 29 `size/S`, 30 ते 99 `size/M`, 100 ते 499 `size/L`, 500 ते 999 `size/XL` आणि 1000 किंवा त्याहून जास्त असतील तर `size/XXL`. लेखकाने नंतर आणखी कोड ढकलला तर मोजणी पुन्हा होते, जुनं लेबल निघतं, नवं लागतं.

मोजणी सोपी असली तरी तिचे बारकावे माहीत नसले तर अहवाल फसवतो. पहिला बारकावा असा की ‘बदललेली ओळ’ असा प्रकार या मोजणीत नाहीच. एखाद्या ओळीतला एक शब्द बदलला तरी जुनी ओळ वगळली आणि नवी घातली असं धरलं जातं, म्हणजे एका ओळीचे दोन. पाच ओळींत पाच शब्द दुरुस्त केले की बेरीज 10 होते आणि पीआर `XS` मधून `S` मध्ये जातो. दुसरा बारकावा त्याहून मोठा. समजा, 150 ओळींच्या तुकड्याभोवती कोणी एक अट घातली. अटीची सुरुवात आणि शेवट अशा नव्या ओळी दोनच. पण आतल्या सगळ्या ओळी एक पायरी उजवीकडे सरकतात. मोजणीत 150 ओळी वगळल्या, 150 घातल्या आणि वर दोन, असे 302 होतात. लेबल लागतं `size/L`. गिटहबवर मोकळ्या जागेतले फरक लपवायची सोय आहे. ती वापरून रिव्ह्यू करणाऱ्याला डोळ्यांसमोर दोनच ओळी दिसतात, आणि पाच मिनिटांत तो संमती देतो. अहवालात मात्र ‘मोठा पीआर, पाच मिनिटांत मंजूर’ अशी नोंद पडते.

तिसरा मुद्दा यंत्राने तयार केलेल्या कोडचा, आणि आकाराच्या लेबलचं खरंखोटंपण याच मुद्द्यावर ठरतं. कुबरनेटीसमध्ये एखाद्या रचनेत नवं क्षेत्र घातलं की त्या रचनेची नक्कल करणारा कोड माणूस लिहीत नाही, एक साधन तो तयार करतं. `zz_generated.deepcopy.go` अशा नावाच्या फायली त्यातूनच येतात. समजा, एका पीआरमध्ये माणसाने लिहिलेल्या 42 ओळी आहेत आणि साधनाने तयार केलेल्या 260. सरसकट बेरीज केली तर 302, म्हणजे `size/L`. माणसाने वाचायचा कोड मोजला तर 42, म्हणजे `size/M`. रिव्ह्यूला लागणारा वेळ दुसऱ्या आकड्यावर अवलंबून असतो, म्हणून लेबलही त्याच आकड्यावर लागायला हवं. प्राउने यासाठी सोय ठेवली आहे. रिपोच्या मुळाशी `.generated_files` नावाची फाइल ठेवायची आणि कोणत्या फायली मोजायच्या नाहीत ते तिथे लिहायचं:

```
file-prefix zz_generated.
path-prefix vendor/
```

पहिली ओळ सांगते की `zz_generated.` ने सुरू होणारी कुठलीही फाइल मोजू नका. दुसरी सांगते की `vendor/` या फोल्डरमधलं, म्हणजे बाहेरून आणलेल्या लायब्ऱ्यांचं, काहीच मोजू नका. ही दुसरी ओळ नसेल तर काय होतं ते बघा. एका लायब्ररीची आवृत्ती एक पायरी वर नेली की त्या फोल्डरमध्ये हजारो ओळी हलतात. असा प्रत्येक पीआर `size/XXL` होतो आणि तो वाचायला काहीच नसल्यामुळे तासाभरात मर्जही होतो. महिनाअखेर अहवाल सांगतो की सर्वांत मोठे पीआर सर्वांत लवकर मंजूर होतात. कुठल्याही टीमच्या अहवालात असं उलटं चित्र दिसलं तर मी आधी ही वगळण्याची यादी तपासायला सांगेन. रिव्ह्यू करणाऱ्यांच्या सवयींकडे नंतर वळता येईल.

एक मर्यादा मात्र कुठल्याही यादीने जात नाही. आकार म्हणजे अवघडपणा नव्हे. दोन प्रक्रिया एकाच वेळी एकाच माहितीला हात लावतात तिथलं कुलूप एका ओळीने पुढे-मागे केलं तर लेबल `size/XS` लागेल, आणि अनुभवी माणूस त्या एका ओळीवर दोन दिवस विचार करेल. उलट सहा ओळींच्या दुरुस्तीसोबत कोणी 90 ओळींची चाचणी लिहिली तर बेरीज 96 होऊन पीआर `M` ठरतो, कारण चाचण्या वगळल्या जात नाहीत. त्या वगळू नयेत असंच माझं मत आहे, कारण चाचणीही कोणाला तरी वाचावी लागते.

आता भागाचं लेबल. इथे यंत्राला कोड समजायची गरज नसते, फाइल कुठे ठेवली आहे एवढं कळलं तरी पुरतं. कुबरनेटीसच्या बऱ्याच फोल्डरांत `OWNERS` नावाची फाइल असते. त्या भागातले बदल कोण तपासणार आणि कोण मंजूर करणार, हे तीत लिहिलेलं असतं. त्याच फाइलमध्ये लेबलंही नोंदवता येतात. प्रत्येक सर्व्हरवर बसून कामं चालवणारा ‘क्युबलेट’ हा भाग `pkg/kubelet` मध्ये आहे. तिथल्या फाइलमधला एक तुकडा असा:

```yaml
labels:
  - area/kubelet
  - sig/node
```

या फोल्डरमधली एखादी फाइल बदलणारा पीआर आला की ही दोन्ही लेबलं आपोआप लागतात. `sig/node` म्हणजे तो भाग सांभाळणारा गट. मला ही पद्धत फार पटते, कारण नकाशा कोडच्या शेजारीच राहतो. फोल्डर हलवलं की त्यातली `OWNERS` फाइलही सोबत हलते.

लहान प्रकल्पांना एवढी यंत्रणा परवडत नाही. ते बहुधा गिटहबचंच `actions/labeler` वापरतात. त्यात नकाशा एकाच जागी, `.github/labeler.yml` या फाइलमध्ये, लिहायचा असतो:

```yaml
area/docs:
- changed-files:
  - any-glob-to-any-file: 'docs/**'
```

`docs` फोल्डरमधली कुठलीही फाइल बदलली तर `area/docs` लावा, एवढाच याचा अर्थ. पण नकाशा कोडपासून दूर असल्यामुळे इथे एक दुखणं हमखास उद्भवतं. वर्षभराने कोणीतरी `docs` चं नाव बदलून `documentation` करतं. लेबल लावणारी यंत्रणा कुठलीही चूक दाखवत नाही, कारण तिच्या दृष्टीने ‘एकही फाइल जुळली नाही’ हे वैध उत्तर आहे. सगळे हिरवे टिकमार्क तसेच राहतात. अहवालात मात्र त्या दिवसापासून दस्तऐवजांच्या रकान्यात शून्य येऊ लागतं आणि वाचणाऱ्याला वाटतं की लोकांनी दस्तऐवज लिहिणं सोडलं. एखाद्या भागाचा आकडा हळूहळू घसरला तर ती माणसांची गोष्ट असू शकते. तो एका आठवड्यात थेट शून्यावर आला तर आधी नकाशा पाहावा.

याच साधनात आणखी एक गोष्ट जाणून ठेवावी लागते. पीआरमध्ये आधी `docs` मधली फाइल होती, लेखकाने नंतर ती काढून घेतली, तरी लेबल आपोआप निघत नाही. `sync-labels` हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो, मूळ मांडणीत तो बंद असतो. बंद ठेवण्यालाही कारण आहे: तो चालू असला तर माणसाने हाताने लावलेलं लेबलही नकाशाशी जुळत नाही म्हणून यंत्र काढून टाकू शकतं. यातलं काय चालेल ते टीमने ठरवायचं, पण अहवाल वाचताना ते माहीत हवं.

बाहेरच्या माणसाने आपल्या प्रतीतून पाठवलेल्या पीआरवर लेबल लागतच नाही, अशी तक्रारही नवख्या टीमकडून हमखास येते. नोंदवहीत `Resource not accessible by integration` असा संदेश दिसतो. त्याचं कारण सुरक्षेचं आहे. अनोळखी माणसाच्या पीआरवर चालणाऱ्या कामाला गिटहब फक्त वाचायची परवानगी देतं, लिहायची नाही, आणि लेबल लावणं म्हणजे लिहिणं. यासाठी `pull_request_target` हा वेगळा प्रकार वापरतात. तो मूळ रिपोच्या परवानगीने चालतो. नुसती फायलींची नावं पाहून लेबल लावण्यासाठी तो चालतो, पण त्याच कामात पीआरमधला कोड उतरवून घेऊन चालवला, तर अनोळखी माणसाचा कोड आपल्या किल्ल्यांसह चालतो. लेबल लावणाऱ्या कामात दुसरं काहीही घालू नये, हा नियम इथे कसोशीने पाळायचा.

उरलं प्रकाराचं लेबल: हा बदल म्हणजे दोषदुरुस्ती, नवी सोय, साफसफाई की दस्तऐवज? इथे यंत्र खरोखर अडतं. बदललेल्या ओळींवरून हेतू ओळखता येत नाही. एक अट बदलली, तर ती चूक सुधारली की वागणूक मुद्दाम बदलली, हे कोड सांगत नाही. काही टीम शीर्षकावरून ठरवतात. `fix:` ने सुरुवात असेल तर दोष, `feat:` असेल तर नवी सोय. हेही शेवटी माणसानेच लिहिलेलं असतं आणि घाईत चुकतं.

कुबरनेटीसने हे सरळ माणसावर सोपवलं आणि यंत्राला फक्त पहारेकरी केलं. पीआर लिहायच्या नमुन्यातच विचारलेलं असतं की यातला प्रकार कोणता, आणि लेखकाने `/kind bug` किंवा `/kind cleanup` अशी एक ओळ ठेवायची असते. ती ओळ वाचून बॉट `kind/bug` लेबल लावतो. ओळ नसेल तर `do-not-merge/needs-kind` लेबल लागतं. हे लेबल असेपर्यंत टाइड नावाचा मर्ज करणारा भाग त्या पीआरला हात लावत नाही. लेखकाला स्वतःचं काम पुढे जायला हवं असतं, म्हणून तो ती एक ओळ लिहितो. विनवण्या करणारं परिपत्रक काढून जे होत नाही ते इथे होतं, कारण खूण लावल्याशिवाय पुढचं दारच उघडत नाही. मर्ज झालेल्या पीआरमध्ये प्रकार न लिहिलेले जवळजवळ सापडतच नाहीत. लिहिलेला प्रकार बरोबर आहे की नाही हे मात्र रिव्ह्यू करणाऱ्यालाच पाहावं लागतं.

एवढी लेबलं लागली की मग अहवालाला अर्थ येतो. कुबरनेटीसचे आकडे डेव्हस्टॅट्स या खुल्या पानांवर कोणालाही पाहता येतात. गिटहबवरच्या सार्वजनिक घडामोडींची तासातासाची नोंद जीएच अर्काइव्ह ठेवतं. तिथून त्या पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये येतात आणि ग्राफानाच्या आलेखांत दिसतात. पीआर उघडल्यापासून पहिल्या संमतीपर्यंत, तिथून अंतिम मंजुरीपर्यंत आणि मंजुरीपासून मर्जपर्यंत असे टप्पे तिथे वेगळे दाखवलेले आहेत. नुसती सरासरीही नाही. मधला पीआर किती वेळात गेला, जलद 15 टक्के किती वेळात गेले आणि 85 टक्के किती वेळाच्या आत संपले, हेही दिसतं. लांबलेला एखादा पीआर सरासरीला एकटाच ओढून नेतो, मधल्या आकड्याला नाही. आकारानुसार गट पाडला की लहान पीआर पहिल्या संमतीसाठी अडले की मोठे अंतिम मंजुरीसाठी, हे प्रश्न वेगवेगळे विचारता येतात. त्यांचे उपायही वेगळे आहेत. पहिल्यासाठी रिव्ह्यू करणारी माणसं वाढवावी लागतात, दुसऱ्यासाठी मंजुरीचे अधिकार आणखी काही जणांना द्यावे लागतात.

गट पाडताना एक चूक वारंवार दिसते. आकाराचं लेबल एका पीआरवर एकच असतं, त्यामुळे आकाराच्या रकान्यांची बेरीज एकूण पीआरइतकी येते. भागाची लेबलं मात्र एकाच पीआरवर तीन-चारही असू शकतात. तो पीआर तीनही भागांत मोजला जातो, जायलाच हवा, कारण तिघांनाही तो वाचावा लागला. पण मग भागांची बेरीज एकूण संख्येपेक्षा जास्त भरते आणि कोणीतरी त्यावरून टक्केवारी काढतं. अशा तक्त्याखाली ‘एक पीआर अनेक भागांत मोजला आहे’ एवढी ओळ छापली की गोंधळ मिटतो.

हीच लेबलं माणसांच्या मूल्यमापनाला वापरायचा मोह व्यवस्थापकांना होतो. कोणी किती `XL` केले, कोणाचे `S` जास्त, असे तक्ते निघू लागले की लोक एक काम पाच पीआरमध्ये तोडतात किंवा पाच कामं एका पीआरमध्ये कोंबतात. मग आकाराच्या खान्यांना जुना अर्थ राहत नाही आणि आधीच्या महिन्यांशी तुलनाही करता येत नाही. हा वापर पूर्णपणे बंद ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या टीममध्ये हे सुरू करणार असाल तर पहिल्याच दिवशी तीन गोष्टी करा. साधनाने तयार केलेल्या फायली मोजणीतून वगळा. प्रकार लिहिल्याशिवाय मर्ज होणार नाही अशी अट घाला. आणि प्रत्येक तक्त्यात ‘लेबल नाही’ असा एक रकाना ठेवा, तो रिकामा असला तरी काढू नका. नकाशा तुटला, परवानगी गेली किंवा बॉट बंद पडला, तर तो आकडा वाढताना सगळ्यांत आधी तिथेच दिसतो.